कढईतली मेंदी आणि वाटीतली नीळ

ताई, नमस्कार. मी सांगलीत नोकरी करतो आणि अधूनमधून कथा लिहितो. नव्या कथेचा नायक संकेत 26 वर्षांचा आहे. कोल्हापूरला मुलाखत आहे म्हणून आदल्या रात्री आई त्याच्या केसांना मेंदी लावते आणि सकाळी त्याचे काळेभोर केस पूर्ण केशरी झालेले असतात. तो तसाच जातो. साहेब आधी हसतात, मग 'दिसण्यापेक्षा गुण महत्त्वाचे' म्हणून त्याला नोकरी देतात. वाचनालयाच्या बैठकीत कथा वाचली तेव्हा सगळे हसले, पण पार्लर चालवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, 'असं होतच नाही.' बाकीचे म्हणाले, विनोदी कथा आहे, चालतं. कुणाचं ऐकू? शेवट सपाट वाटतो, असंही एक जण म्हणाला. शीर्षक 'केशरी' ठेवलंय, ते कसं वाटतं?
— एक वाचक, सांगली

पार्लरवाल्या ताईंचं ऐका. आणि जमलं तर त्यांना एकदा चहाला बोलवा, कारण त्यांनी तुमची चूक काढली नाही, तुमची गोष्ट कुठे दडली आहे ते दाखवलं.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या प्रथिनाला चिकटतं आणि केसावर तांबूस-केशरी थर चढतो. मेंदीचं काम एवढंच. केसाचा मूळचा काळा रंग काढायची ताकद तिच्यात नाही. काळ्या कागदावर केशरी शाईचा पातळ हात फिरवला तर जेवढं दिसेल तेवढंच काळ्या केसावर मेंदीचं दिसतं: उन्हात तांबूस झाक, सावलीत काही नाही. पांढऱ्या केसाचं मात्र वेगळं आहे. त्याच्यात स्वतःचा रंगच उरलेला नसतो, म्हणून मेंदीचा सगळा रंग तिथे उघडा पडतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एखाद्या आजोबांचं डोकं लांबून पेटल्यासारखं दिसतं, ते त्यामुळे. त्यांच्या डोक्यावर काळा केस जवळपास शिल्लकच नसतो.

पूर्ण काळं डोकं पूर्ण केशरी करायचं तर ब्लीचच लागेल. ब्लीच केसातला काळा रंग तोडतं, पण त्याखालचा लालसर-पिवळा सहजासहजी तुटत नाही. त्यामुळे काळा केस उजळताना आधी तांबडा, मग केशरी, मग पिवळा होत जातो. घाबरून मध्येच धुतलं की डोकं केशरीवर अडकतं. हे खरोखर घडतं, आणि पार्लरमध्ये येणाऱ्या रडवेल्या पोरांमध्ये ही जात बरीच असते. पण मुलाखतीच्या आदल्या रात्री घरी ब्लीच करणारा मुलगा म्हणजे तुमचा संकेत नव्हे. तो वेगळा पोरगा, त्याची वेगळी गोष्ट, ती कधीतरी जरूर लिहा.

आता तुमच्या खर्ड्यातला दुसरा प्रश्न, जो बैठकीत कुणी विचारला नाही. केस काळेभोर आहेत, तर हा पोरगा मेंदी लावून घेतोच कशाला?

याचं उत्तर सापडलं की वरची अडचणही सुटते. संकेतचे केस पांढरे आहेत. सव्विसाव्या वर्षी, कानशिलांवर जास्त, पुढच्या बटेत दहा-पंधरा, बाकी डोक्यावर विखुरलेले. त्याच्या वडिलांचेही असेच लवकर पिकले असतील. अशा मुलांना कटिंगच्या दुकानात 'काका' म्हणतात, आणि ज्याला एकदा काका म्हटलंय तो ते शेवटपर्यंत विसरत नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस आपल्याला वयस्कर समजेल ही त्याची भीती खरी आहे. तुमच्या कथेत भीती कुठेच नाही, नुसती गंमत आहे, म्हणून शेवट सपाट वाटतो. त्याकडे नंतर येऊ.

मग वाचक म्हणेल, बाजारात काळा डाय मिळतो, दहा रुपयांच्या पुडीपासून. तो का नाही लावला? हे दार आधीच बंद करायला हवं, आणि ते बंद करायला एक खरं कारण आहे. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. ते काहींना सोसत नाही. पहिल्या वेळेला अनेकदा काहीच होत नाही, शरीर तेव्हा फक्त ओळख करून घेतं. पुढच्या कुठल्यातरी वेळेला कानामागे खाज, कपाळावर पुरळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजतात की डोळा उघडत नाही. एकदा असं झालं की मग तो डाय त्या माणसाला कायमचा वर्ज्य. हे संकेतला गेल्या वर्षी झालेलं असू द्या. म्हणजे डाय लावून, ऐटीत फोटो काढून, अर्जाला तोच फोटो चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी. आता त्याच्या मुलाखतीच्या पत्रावर काळ्याभोर केसांचा एक देखणा मुलगा आहे आणि त्याला त्या मुलासारखं दिसायचंय. तुमचे 'काळेभोर केस' तुम्हाला परत मिळाले, फक्त ते डोक्यावरून फोटोत गेले.

डाय नको, म्हणून मेंदी. पण नुसत्या मेंदीने पांढरे केस केशरी होतात हे सांगलीतल्या कुठल्याही आईला ठाऊक आहे. म्हणून ती दोन टप्प्यांचा बेत करते: आधी मेंदी, मग त्यावर नीळ. कपड्यांना घालायची नीळ नाही, नीळ नावाच्या झाडाच्या पानांची पूड. दुकानात ती 'इंडिगो पावडर' म्हणूनच मागतात. केशरीवर निळा चढला की गडद तपकिरी ते काळा रंग येतो. बेत उत्तम आहे, हजारो लोक करतात. तो फसतो कुठे, ते नीट बघा, कारण तुमच्या कथेची सगळी गंमत या एका चुकीत मावते.

मेंदी भिजवण्याची एक रीत आपल्या घराघरात ठरलेली आहे. लोखंडी कढई, चहाचं कोमट पाणी, वरून अर्धं लिंबू, झाकण ठेवून रात्रभर. मेंदीला हे मानवतं. आंबटपणात तिचा रंग हळूहळू सुटतो आणि टिकतो, घाई केली तर फिका येतो. नीळ अगदी उलट्या स्वभावाची. तिला लिंबू नको आणि थांबणंही नको. साध्या कोमट पाण्यात कालवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, वर निळसर साय धरू लागली की लगेच लावायची. अर्ध्या-पाऊण तासात तिची ताकद उतरायला लागते. रात्रभर ठेवलेली नीळ म्हणजे काळपट चिखल. दिसायला गडद, म्हणून वाटतं भारी रंग बसणार, पण केसाला लागेल असं तिच्यात काही उरलेलं नसतं.

आता शनिवारी रात्री संकेतची आई काय करते? जे तिची आई करायची तेच. कढईत मेंदी भिजवते, शेजारी स्टीलच्या वाटीत नीळ भिजवते, उरलेलं अर्धं लिंबू वाया कशाला घालवायचं म्हणून त्या वाटीत पिळते. ही चूक मला फार आवडते. तिच्यात आळस नाही, निष्काळजीपणा नाही, उलट जास्तीची काळजी आहे. वाचकाला तिथे थांबवून काही सांगू नका. लिंबू पिळू द्या आणि पुढे चला. ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात तिथेच गोळा येईल, ज्यांना माहीत नाही त्यांना नंतर कळेल.

रविवारची रात्र आता तासातासाने लिहा. तुमच्या खर्ड्यात मेंदी लावली, झोपला, उठला, केशरी, असं चार ओळींत उरकलंय. प्रत्यक्षात हे कळायला फार वेळ लागतो, आणि तो वेळ हीच तुमची कथा आहे. चारला मेंदी लागली, सातला धुतली. आरशात कानशिलं लख्ख केशरी दिसतात, पण संकेत घाबरत नाही. आईने सांगितलंय, हे असंच दिसणार, अजून नीळ आहे. तो त्या अवताराचा फोटो काढून मित्रालाही पाठवेल. साडेसातला नीळ लागते, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, त्यावर जुना टॉवेल. पत्राची झेरॉक्स, फाइल, इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश. सगळी तयारी पिशवी बांधलेल्या डोक्यानेच. साडेनऊला धुतो. बाथरूममध्ये पिवळा दिवा आहे आणि केस ओले आहेत, ओला केस नेहमी आहे त्याहून काळा दिसतो. 'बसला की रंग,' आई म्हणते. दोघं जेवतात. मग पंख्याखाली केस सुकायला लागतात, एकेक बट, आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात कानशिलं पुन्हा वर येतात. जसजसा केस सुकतो तसतसा केशरी होत जातो. तुमचं 'रात्रीत केस केशरी झाले' हे वाक्य इथे खरं ठरतं, जादूशिवाय.

आई म्हणेल, नीळ सावकाश चढते, सकाळी काळे होतील. हेही सपशेल खोटं नाही. नीळ नीट लागली असेल तर पहिल्या दिवशी केस हिरवट दिसतात आणि हवेने एक-दोन दिवसांत गडद होतात. म्हणून त्यांना आशा राहते. पण इथे हिरवट झाक मुळीच नाही, आणि हे संकेतच्या लक्षात येतं. पाकिटामागचं वाचून त्याला कळलेलं असतं की हिरवट दिसायला हवं होतं. केस हिरवे दिसावेत म्हणून रात्री अकराला आरशासमोर देव पाण्यात घालून बसलेला मुलगा मी अजून कुठल्या कथेत वाचलेला नाही.

मग सुटकेचे रस्ते. प्रत्येक रस्ता तो जाऊन बघतो आणि परत येतो. पुन्हा नीळ लावावी तर एकच 100 ग्रॅमचं पाकीट होतं आणि ते सगळं वाटीत गेलं. दुकान सकाळी दहाला उघडतं, एसटी पहाटेची आहे. शाम्पूने घासून जाईल का? ताजी मेंदी थोडी फिकी पडते, पण केसाला चिकटलेला रंग शाम्पूने निघत नाही. तेलही फारसं काही करत नाही. काजळ लावून बघेल, ते बोटांना लागेल, मग शर्टाच्या कॉलरला. दोनच्या सुमाराला ट्रिमरचा विचार येईल. सगळं साफ. इथे एक वाक्य आईच्या तोंडी द्या, मात्र मी सुचवते ते नको, तुमचं शोधा. कारण आपल्याकडे तरुण मुलगा टक्कल करून आला की लोक विचारतात, घरात कोण गेलं? आई जिवंत समोर उभी असताना मुलाने डोकं भादरायचं, हे तिच्याने बघवणार नाही. तो ट्रिमर परत डब्यात ठेवतो त्या जागी विनोद आपोआप थोडा थांबेल. थांबू द्या.

सगळ्यात महत्त्वाचा रस्ता शेजारच्या काकूंचा. त्यांच्याकडे 'काळी मेंदी'ची पुडी आहे. मेंदीच ना ती, आई म्हणते, नैसर्गिक. पानाचं चित्रही आहे वर. पण मेंदी काळी कधीच नसते. काळी मेंदी म्हणून जे विकतात त्यातल्या पुष्कळ पुड्यांत तेच पीपीडी असतं, ज्याने गेल्या वर्षी याचे डोळे बंद झाले होते. चाचणी करायची म्हटली तरी कानामागे थोडं लावून 48 तास वाट बघावी लागते, आणि याच्याकडे आठ आहेत. एकदा सुजलेल्या माणसाने तर ती चाचणीही घरी करू नये, ते त्वचेच्या डॉक्टरांचं काम. संकेत पुडी उलटी करतो, मोबाइलच्या टॉर्चमध्ये मुंगीएवढी अक्षरं वाचतो. ते नाव सापडतं. आता त्याच्यापुढे दोन गोष्टी आहेत: काळ्या केसांनी पण कदाचित बंद डोळ्यांनी जायचं, किंवा केशरी केसांनी उघड्या डोळ्यांनी. तुमच्या कथेत नायकाने काहीही ठरवलेलं नाही, सगळं त्याच्यावर येऊन आदळतं. या पुडीपाशी तो पहिल्यांदा काहीतरी ठरवतो. या प्रसंगाला दोन पानं दिलीत तरी मला जास्त वाटणार नाहीत.

(कथेबाहेरचं एक: माझ्या मामेभावाने असल्याच एका पुडीने दोन दिवस डोळे मिटून काढले आहेत. गोष्ट म्हणून ऐकायला मजेशीर आहे. त्या दोन दिवसांत आमच्याकडे कुणी हसत नव्हतं.)

सकाळ. केशरी किती दिसतं हे उजेडावर अवलंबून आहे, आणि हा तुम्हाला फुकटात मिळालेला पडदा आहे, तो खेचा, सोडा. पहाटे अंधारात स्टँडवर काहीच दिसत नाही. एसटीत त्याला खिडकीची जागा मिळते, रोज मिळावी म्हणून धडपडतो ती, आणि आज नकोशी. उजाडेपर्यंत ठीक, मग ऊन थेट कानशिलावर. पुढच्या सीटवरचं लहान मूल मागे वळून बघत राहतं. फाटकावर वॉचमन पत्रावरचा फोटो बघतो, याच्याकडे बघतो, परत फोटो बघतो. ट्यूबलाइटच्या कॉरिडॉरमध्ये जरा धीर येतो. मुलाखतीच्या खोलीत खुर्ची नेमकी खिडकीला पाठ करून आहे की तोंड करून, हे तुम्ही ठरवा, पण ठरवल्याशिवाय आत पाठवू नका त्याला. आणि हेही लक्षात ठेवा की त्याचं डोकं सरसकट केशरी नाही. काळ्यात विखुरलेले तांब्याचे तार, कानशिलांवर दाट. एक साहेब म्हणेल फॅशन केलीय, दुसऱ्याला कळेल की पोराचे केस पिकलेत. तो दुसरा स्वतः डाय लावत असेल तर त्याला लगेच कळेल, आणि तो काहीच बोलणार नाही.

म्हणून ते 'गुण महत्त्वाचे' काढून टाका. मुलाखत घेणारी माणसं असं बोलत नाहीत. ती घड्याळाकडे बघतात, मराठीत सुरुवात करून इंग्रजीत जातात, पंख्याचा वेग वाढवायला सांगतात. केसांबद्दल अवाक्षर न निघणं याच्याइतकं त्या मुलाला छळणारं दुसरं काही नाही. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना पुढच्या प्रश्नात केस येतील म्हणून वाट बघत बसेल.

शेवटासाठीही मेंदीच उपयोगाला येते. तिचा रंग पहिल्या दिवशी सगळ्यात भडक असतो. हवा लागून पुढच्या दोन-तीन दिवसांत तो उतरत उतरत तांबूस-तपकिरी होतो. हातावरच्या मेंदीचंही तसंच, रात्री केशरी, परवा कॉफीसारखी. म्हणजे मुलाखत सोमवारी आहे आणि संकेत आयुष्यात सगळ्यात केशरी ज्या सकाळी दिसणार होता ती हीच. गुरुवारपर्यंत तो अगदी बरा दिसायला लागतो. शेजारच्या काकू म्हणतात, छान बसला की रंग. हे घडत असताना नोकरीचं काय झालं ते सांगायलाच हवं असं नाही. पत्र आलेलं असेल, नसेल. मला वाटतं गुरुवारी तो आरशात बघताना कथा संपवता येईल, पण ते तुम्हाला लिहिताना कळेल, मला इथून नाही.

राहिलं शीर्षक. 'केशरी' म्हटलं की आपल्याकडे वाचक आधी झेंड्याकडे बघतो, मग केसांकडे. कथेचा तिकडे काही रोख नसताना हा पाहुणा कशाला बोलवायचा? शिवाय तुमच्या पात्रांपैकी हा शब्द कुणीच वापरणार नाही. मेंदीने रंगलेल्या केसांना आपण डोळ्यांना केशरी दिसत असूनही 'लाल'च म्हणतो. आई रात्री अकराला म्हणेल, 'लालच राहिले रे.' संकेत मित्राला मेसेज करेल तेव्हा 'ऑरेंज' लिहील. पार्लरवाल्या ताई काय म्हणतात ते त्यांनाच विचारा, चहाच्या वेळी. आणि नीळ रात्रभर भिजवलेली त्यांना कधी कुणी आणून दिली होती का, तेही विचारून घ्या.